चार घरांपलीकडचं पोस्टकार्ड

नागनाथ शिंप्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं, असं झरीत सगळे म्हणायचे. पाराला लागून त्याची मशीन. दिवसभर गाव तिथं बसून बोलायचं आणि हा पायानं मशीनचा पायटा मारायचा. पोट गावावर, त्यामुळं गावाच्या होला हो करण्याची त्याला सवय लागली होती.

पण त्या सालच्या साखरेनं त्याची झोप उडवली. गोजरबाईचा पंडित परभणीला कृषी विद्यापीठात शिपाई होता, त्याचा कारकून झाला. पोराला बढती मिळाली की आईनं पारावर गोड वाटायचं, बसलेल्यांनी तोंडात टाकून पोराचं नाव घ्यायचं, ही झरीची रीत. गोजरबाई कागदाच्या पुडीत साखर घेऊन आली. पारावरचे मानकरी भगवानराव म्हणाले, "ठिव तिथं." ती पुडी दगडावर ठेवून गेली. बौद्धवाड्यातली साखर कुणी उचलली नाही, नावही कुणी घेतलं नाही. सांजच्याला पुडीला मुंग्या लागल्या. नागनाथनं सगळ्यांची पाठ वळल्यावर चिमूटभर तोंडात टाकली, पण बोलला तोही नाही. पंडित आणि तो एका पाटीवर शिकलेले. त्या चिमटीची त्याला लाज वाटत राहिली.

चार घरांपलीकडं, गोजरबाईच्या घरी जाऊन अभिनंदन करावं, तर ते चार भिंतींत राहणार. पारावर म्हणावं, तर भगवानराव दुसराच विषय काढणार. मग त्याला लिंबाजी आठवला.

लिंबाजी पोस्टमन सणासुदीची कार्डं पारावर मोठ्यानं वाचायचा. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि शुभेच्छा काही लपवायची चीज नव्हे. त्याचा एकच हट्ट: कार्ड हाती घेतलं की सहीपर्यंत वाचायचं. अर्धं वाचलेलं कार्ड म्हणजे अर्धं जेवण, असं तो म्हणे.

दसरा जवळ आला तसा नागनाथ रिळं आणायच्या निमित्तानं परभणीला गेला आणि पोस्टात उभ्यानंच कार्ड लिहायला लागला. पाकीट घेतलं नाही. ते चिकटलं की संपलं. आधी नुसतं अभिनंदन लिहिणार होता, पण ते पहिल्याच ओळीला कुणीतरी खोकून बुडवलं असतं. म्हणून सण आधी घेतला, बढती त्याच्या पोटात घातली, आणि दोन्हींच्या मध्ये पूर्णविराम दिलाच नाही. सणही नुसता आपला लिहून भागणार नव्हतं. त्या दिवशी पंडितच्या घरी पांढरे कपडे घालून धम्मचक्र दिन पाळतात. आपलाच दसरा त्याच्या अंगावर टाकायचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

शेवटी सहीपाशी हात अडला. भगवानरावांच्या घरची सणाची सगळी शिलाई त्याच्याकडं होती. 'आपला मित्र' एवढ्यावर भागवावं, असं फार वाटलं. मग त्यानं पूर्ण नाव लिहिलं आणि विचार बदलायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पार भरला होता. गोजरबाईही पोराची वाट बघत बाजूला उभी होती.

"गोजरबाई, पंडितच्या नावाचं कार्ड हाय," लिंबाजी म्हणाला.

"वाच बाबा. तो सांजच्या गाडीनं येतोय."

लिंबाजीनं घसा साफ केला. "प्रिय पंडित, सप्रेम जयभीम. दसऱ्याच्या आणि धम्मचक्र दिनाच्या तुला मनापासून शुभेच्छा, आणि सणाच्या तोंडावर तू विद्यापीठात शिपायाचा कारकून झालास त्याबद्दल..."

लिंबाजी थबकला. भगवानराव पान चघळायचे थांबले. नागनाथची मशीनही थांबली. पण हट्ट तो हट्ट. लिंबाजीनं पुढं वाचलं, "...त्याबद्दल अभिनंदन, कारण यंदा झरीत दोन सण आहेत, एक सगळ्यांचा आणि एक तुझ्या आईचा. तिला नमस्कार. तुझा, नागनाथ शिंपी, झरी."

"झरी?" भगवानराव वळले. "अरे, चार घरांपलीकडं राहतोस. टपाल कशाला?"

नागनाथनं मशीनवरून मान वर केली. "तोंडानं म्हणलो असतो, तर तुमी ऐकलं नसतं, मालक."

भगवानरावांनी मशीनवरचा आपलाच सदरा उचलून बघितला. मग म्हणाले, "बाही नीट लाव." आणि जाता जाता, गोजरबाईकडं न बघता, "पोरगं हुशारच हाय म्हणा पंडित." त्यांनी नाव घेतलं म्हटल्यावर आणखी दोघातिघांनी घेतलं. फार नाही, पण घेतलं. नागनाथला इतकं हलकं वाटलं की त्याच्या पायाला पायटा सापडेना.

गोजरबाईनं कार्ड पदरात बांधलं आणि मशीनपाशी आली. नागनाथ म्हणाला, "काकू, तवा साखर घेतानाच बोलायला पायजे होतं. पुढल्या वक्ताला घरी येऊन सांगतो."

"न्हाई रे बाबा," गोजरबाई म्हणाली, "टपालानंच धाड. घरी येऊन सांगितलंस, तर मी एकटीच ऐकते."