सात आणि सोळा नंबर

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई अंगापिंडाने दणकट. शिट्टी वाजवली की पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा थांबतात. अशा बाईंना कशाची भीती वाटत असेल असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण वर्षातून एकदा, व्हॉलीबॉलच्या मुलींचा संघ निवडायची वेळ आली की बाईंचा चेहरा उतरतो, चहा तसाच गार होतो आणि हातातला पेन उगाच टकटक वाजत राहतो.

कारण मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्यांसारखीच संघाची यादी फळ्यावर लावली होती. एका मुलीने ती सगळ्यांच्या गर्दीत वाचली, आपलं नाव नाही हे पाहिलं आणि दप्तर वर्गातच टाकून फाटकाबाहेर गेली. दुपारभर सापडली नाही. बाई रस्तोरस्ती धावत होत्या. शेवटी ती बसथांब्यावर सापडली, सुखरूप. पण नंतर तिने चेंडूला कधी हात लावला नाही. तेव्हापासून यादी लावायचं म्हटलं की बाईंना ती दुपार आठवते.

म्हणून त्यांनी निवडीची सगळी पद्धत बदलली. सर्व्हिस, पास, हालचाल आणि सोबतिणींना साथ, असे चार रकाने. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि कोणता गुण कशाला हे आधीच लिहून मुलींच्या हातात. तीन निरीक्षक: ग्रंथालयातल्या बाई (त्या तरुणपणी खेळायच्या), शेजारच्या शाळेचे प्रशिक्षक आणि गणित शिकवणारा मी. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण मोजता येतं. तिघांनी लांब लांब बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही आणि नावं नाहीत, फक्त जर्सीवरचे नंबर बघायचे. "चेहरे बघायचेच नाहीत, सर," बाईंनी मला बजावलं होतं. मी आज्ञाधारक माणूस. सरळ मुलींच्या पाठीकडे बघून गुण देत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

यंदा बाईंची भाचीही उतरली होती. बहिणीची मुलगी, सात नंबर. म्हणून बाईंनी स्वतः एकही गुण दिला नाही, फक्त चेंडू फेकले. बावीस मुली, बारा जागा. दुसऱ्या दिवशी तिघांच्या गुणांची सरासरी मी काढली. भाची तेरावी आली.

निकाल सांगायचीही बाईंची रीत ठरलेली होती. ज्यांची निवड झाली नाही त्यांना आधी बोलवायचं, एकेकीला, दार लावून. गुणांचा कागद समोर ठेवायचा. काय चांगलं होतं ते खरंखुरं सांगायचं, काय सुधारायचं तेही. पुढच्या वर्षीचं गोडगोड आश्वासन द्यायचं नाही. मी बाजूला बसायचो, आकड्यांबद्दल कोणी विचारलं तर सांगायला.

भाचीला त्यांनी सगळ्यांत आधी बोलावलं. मुलगी शांतपणे कागद वाचत होती. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "बाई, सर्व्हिसला दोनच गुण? माझ्या दहातल्या नऊ आत पडल्या."

"सात नंबरच्या तीनच पडल्या," मी म्हणालो.

"पण तेव्हा मी सात नंबर नव्हते ना. मधल्या सुट्टीत जर्सी बदलली. माझी घट्ट होत होती, तिची ढगळ होती. मी सोळा घातली."

सोळा नंबर म्हणजे नववीतली ती अबोल मुलगी. ती आमच्या यादीत पाचवी होती. सुट्टीनंतर फक्त सर्व्हिसच झाली होती, आणि भाचीच्या सर्व्हिसचे पाच गुण तिच्या खात्यात जाऊन बसले होते. आणि मी शहाणा, तीन हातांवरून बघूनही चेहरा बदलल्याचं मला कळलं नव्हतं.

भाची गेल्यावर बाईंनी टेबल घट्ट धरलं. "सर, मला भीती वाटतेय," त्या सरळ म्हणाल्या. "दुरुस्त केलं तर भाची आत, ती बाहेर. लोक मला फाडून खातील. आणि ती पोरगी..."

आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. त्यांनी मार्ग लगेच काढला. "जाऊ द्या हो. भाचीच आहे, घरातलं माणूस. गप्प बसेल."

"घरातलं आहे म्हणून तिचे गुण दुसरीला द्यायचे?" बाईंनी विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. मला त्या माणसाचा असा राग आला की मीच दोन शब्द जास्त बोललो. शेवटी ठरलं: दोघींच्या फक्त सर्व्हिस पुन्हा घ्यायच्या, उद्या, नव्या नंबरांवर, तेच तीन निरीक्षक, बाई मैदानावर नकोत. तोवर बाकी कोणालाच निकाल सांगायचा नाही.

सोळा नंबरला बोलावून बाईंनी सगळं खरं सांगितलं. "चूक माझी आहे. जर्सी बदलायची नाही हे मी सांगायला हवं होतं. कालच्या गुणांवर तू संघात होतीस. उद्यानंतर कदाचित नसशील." मला वाटलं, एवढं कशाला सांगायचं? बाहेर आल्यावर मी तसं म्हणालोही. "दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर?" एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई सामानाच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिल्या. मी मैदानावर मोजत होतो. भाचीच्या सात आत पडल्या, चार गुण. त्या मुलीच्या चार, दोन गुण. सातवी सर्व्हिस जाळ्यात गेली तेव्हा तिने ओठ चावला आणि मला पहिल्यांदाच कागदावरचा आकडा लिहायला जड गेलं. बेरीज स्पष्ट होती. भाची बारा जणींत, ती बाहेर, आणि बाकी कोणाच्या जागेला धक्का नव्हता.

बाईंनी तिला सर्वांत आधी बोलावलं. कागद पुढे केला. "पास तुझा बावीस जणींत दुसरा आहे. साथ द्यायला तू कधी कमी पडत नाहीस. सर्व्हिस कच्ची आहे. यंदा तू संघात नाहीस." मुलीने कागद दोनदा वाचला, घडी घातली. "बरं," म्हणाली. ना रडली, ना काही विचारलं. बाईंनी तिच्या आईला फोन लावून तेच सगळं सांगितलं. मुलगी दप्तर घेऊन फाटकाकडे निघाली.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "सर, उरलेल्यांना अर्ध्या तासाने सांगते," म्हणाल्या आणि पायातल्या बुटांची नाडीही न बांधता धावल्या. मीही मागोमाग. गणिताचा म्हातारा मास्तर, दुसरं काय करणार?

मुलगी पुढे, तिच्यामागे वीस पावलांवर बाई, बाईंमागे धापा टाकणारा मी. वळणावर बसथांबा होता. मुलगी तिथे रेंगाळली तेव्हा बाईंनी हात छातीशी नेला. ती फक्त चप्पल झटकत होती. मग तिने वळून पाहिलं.

"बाई, तुम्ही माझ्या मागे येताय का?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. "हो."

"मी घरीच चाललेय."

"माहीत आहे. तरी भीती वाटली."

मुलीने क्षणभर बाईंकडे बघितलं, त्यांच्या सुटलेल्या नाडीकडे बघितलं. मग रस्त्याच्या कडेला सरकून जागा केली.

"मग शेजारून चाला ना."