घाबरण्याचे कारण नाही

चिंचवडच्या व्यापाऱ्यांच्या परवाच्या समारंभात एका वक्त्याने माझ्याविषयी जे सांगितले, ते मी पहिल्या रांगेत बसून निमूटपणे ऐकले. माझ्यासारख्या माणसाला निमूट बसणे किती कठीण जाते, हे घरच्यांना विचारावे. वक्ता म्हणाला की, पन्नासच्या दशकात मी विक्रीकराचा सल्लागार म्हणून येथे बसलो, तेव्हा एका भुसारवाल्याने कराच्या पत्रकावर सही करण्याचे नाकारले म्हणून मी त्याला पोलिसाकरवी तळेगावहून धरून आणले, आणि त्या दिवसापासून बाजारात माझा वचक बसला. सभेने टाळ्या वाजवल्या. हा वक्ता म्हणजे त्या वेळच्या कापडवाल्याचा मुलगा. बापाने फलाटावर उभे राहून जे पाहिले, तेच मुलगा व्यासपीठावर उभा राहून सांगत होता. दोघांनाही काहीच ठाऊक नाही. जे घडले ते असे.

विक्रीकर तेव्हा नवाच होता आणि वारंवार बदलत होता. छोट्या दुकानदाराला त्यातले एवढेच कळे की, आपल्या गल्ल्यात कोणीतरी हात घालणार आहे. पुण्याचे एक सल्लागार आठवड्याच्या बाजारी येत आणि तांबड्या शाईतले पत्रक वाटत. त्यात हातकड्यांचे चित्र होते. खाली मजकूर असा की, आजच भेटा, उद्या उशीर झालेला असेल. लोक भेटत, आणि बाहेर पडताना त्यांना आपण काय भरले आणि कशाबद्दल, हे सांगता येत नसे. हा धंदा मला नीच वाटे. आजही वाटतो.

म्हणून मी स्वतःचे माहितीपत्रक लिहिले. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही समजेल अशा भाषेत. ज्याची विक्री कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्याने माझ्याकडे येण्याची गरज नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. ज्याची नोंदणी झाली आहे, त्याला दर तिमाहीस पत्रक भरावे लागते. एकूण विक्रीतून धान्यासारख्या करमुक्त मालाची विक्री वजा करायची, राहिलेल्या विक्रीवरचा कर चलनाने सरकारी खजिन्यात भरायचा आणि त्याची पावती पत्रकाला जोडायची. हा हिशेब मी मांडून देईन, फी आधी सांगेन, आणि कोणा अधिकाऱ्याची ओळख असल्याचे सांगणार नाही. उशीर झाल्यास काय होते, हेही तिसऱ्या परिच्छेदात होते. आणि सर्वांत वर, जाड टाइपात, मी एकच ओळ घातली होती : ‘घाबरण्याचे कारण नाही.’

पत्रके वाटली त्याच दुपारी बाजारातली निम्मी दुकाने बंद झाली.

याचे कारण मी गावाबाहेरचा असल्यामुळे मला ठाऊक नव्हते, एवढे मान्य करतो. ते कारण शेजारच्या म्हाताऱ्या पानवाल्याने मला समजावले. प्लेगच्या काळात गावात दवंडी फिरे, ती ‘घाबरण्याचे कारण नाही’ याच शब्दांनी सुरू होई. ते शब्द कानावर पडले की, पुढचे न ऐकता लोक भांडीकुंडी बैलगाडीत भरत आणि रानातल्या झोपड्यांत जाऊन राहत. जे थांबले ते राहिले नाहीत. “सरकारनं धीर दिला की मागं बघायचं न्हाई,” पानवाला म्हणाला, “आन तुमी तर छापून दिलासा.” पुण्याच्या तांबड्या पत्रकाने कोणी पळाले नव्हते. हातकड्या लोक दर आठवड्याला पाहत, त्यांची सवय झाली होती.

बाकीची दुकाने दोन-चार दिवसांत उघडली. उघडले नाही ते माझ्या एकुलत्या एका पक्षकाराचे. हा भुसार आणि किराणा विकणारा गृहस्थ, सुभाषितासारखा नेटका आणि तितकाच हट्टी, बायकोला दुकानाची किल्ली देऊन तळेगावला सासुरवाडीस निघून गेला होता. त्याच्या वह्या माझ्याकडे होत्या. ज्वारी-बाजरी, डाळी बाजूला काढून, साबण आणि चहा यांसारख्या मालावरचा हिशेब मी पुरा केला होता. फक्त मालकाची सही आणि कराची रक्कम राहिली होती, आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता.

त्याचे काय पणाला लागले होते, हे उघड आहे. पहिलेच पत्रक चुकले असते तर त्याच्यामागे नोटिसा लागल्या असत्या. माझे पणाला काय लागले होते, हे मात्र वक्त्याच्या बापाला कधी कळले नाही. त्याने मला सकाळी स्टेशनवर गाठून सल्ला दिला होता की, राव, उगाच समजावत बसू नका, वॉरंट निघालंय म्हणून सांगा, तासाभरात येईल. मी त्याला म्हणालो की, तसे सांगायचे असते तर मी तांबडी शाईच घेतली असती. माझे माहितीपत्रक खोटे ठरू नये, एवढेच मला हवे होते. एका माणसाला न भिवविता सही करायला लावता आली नाही, तर त्या कागदाला अर्थ काय?

तळेगावात तो मला माजघरात पाटावर बसलेला सापडला. समोर पुरणपोळी होती. सासूबाई तूप वाढत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर थकवा स्पष्ट होता, कारण जावई आल्यापासून रोज गोडधोड चालले होते आणि जायचे नाव नव्हते. मला पाहताच जावयाने घास खाली ठेवला.

मी कराचे पत्रक उलगडून त्याला सगळे वाचून दाखवले. एकूण विक्री ही, करमुक्त ही, राहिली ही, कर हा. त्याने मान डोलावली. रक्कम पाहून तो चकित झाला, कारण ती त्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ कमी होती, आणि त्यामुळेच त्याला संशय आला.

“आणि नाही भरलं तर?” त्याने विचारले.

“नोटीस येईल. कारण विचारतील. कारण पटलं नाही तर दंड करतील.”

“आणि मग?”

“दंड भरायचा.”

“आणि मग?”

“मग पुढच्या तिमाहीचं पत्रक.”

तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू मी आजार लपवणारा वैद्य आहे. म्हणाला, “साहेब, थोडं तरी घाबरवा. इतक्या लांब आलात. नुसतं एवढंच असेल तर मी फी कशाची देऊ?”

मी सांगितले की, फी हिशेबाची आहे, भीतीची नाही. भीती हवी असल्यास पुण्याला जावे. मात्र खरे विचारलेच आहे तर पुरे सांगतो. पत्रक न भरल्याबद्दल खटल्याचे कलमही कायद्यात आहे. एका उशिरासाठी ते कोणावर लावल्याचे मी पाहिलेले नाही. हे माझ्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदात छापलेलेच आहे.

“खटला?” तो पाटावर ताठ बसला. चेहऱ्यावर उलट समाधान पसरले. “हे आधी का नाही बोललात? म्हणजे मामला खरा आहे.”

येथे वक्त्याचे समर्थक म्हणतील की, पाहा, शेवटी घाबरवलेच. मुळीच नाही. कलम आहे हे सांगणे म्हणजे माहिती. ते उद्याच लागणार असे सांगणे म्हणजे धमकी. मी ते लागणार नाही असेच सांगितले. त्याने त्यातला कोणता अर्धा भाग उचलला, याला मी जबाबदार नाही. शिवाय त्याच वेळी सासूबाईंनी तुपाची वाटी झाकून ठेवली आणि म्हणाल्या, “जावईबापू, सायेब इतकं सांगत्यात तर जा की. पुरन बी संपलं आता.” सही कोणत्या वाक्याने झाली याबद्दल माझे मत पक्के आहे, आणि ते कायद्याच्या बाजूचे नाही.

त्याने सही केली आणि कराची रक्कम मोजून बरोबर घेतली. आम्ही टांग्याने स्टेशनवर निघालो. वाटेत एका पोलिसाने हात केला, टांगेवाल्याने त्याला घेतले. तोच पोलीस गाडीत आमच्या शेजारी बसला, कारण जागा तेथेच होती. त्याच्या मांडीवर टोपलीत दोन कोंबड्या होत्या. बहिणीने दिल्या होत्या, असे तो सांगत होता. चिंचवडला गाडी थांबली तेव्हा कापडवाला फलाटावर होता. त्याला खिडकीतून आम्ही तिघे दिसलो, पण टोपली दिसली नाही. मी तेव्हापासून विचारत आलो आहे की, मांडीवर कोंबड्या घेऊन कोणी आरोपी आणायला जातो काय? याचे उत्तर त्या घराण्याने अद्याप दिलेले नाही.

पुण्यात खजिन्यात रक्कम भरली, चलनाची पावती जोडली आणि विक्रीकर कचेरीच्या खिडकीशी उभे राहिलो. कारकुनाने पत्रक उलटे-सुलटे पाहिले, शिक्का मारला, पोच दिली. भुसारवाला तेथेच उभा राहिला.

“अजून काही, साहेब?”

“पुढचा,” कारकून म्हणाला.

बाहेर आल्यावरही तो मागे वळून खिडकीकडे पाहत होता. एवढ्या पळापळीनंतर आपल्याला कोणी दरडावलेसुद्धा नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. त्याने माझी फी दिली, पण ठरलेल्याच्या निम्मी. राहिलेली निम्मी, तो म्हणाला, काही घडले असते तर दिली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडले, आणि महिन्याभरात माझ्या दाराशी माणसे येऊ लागली. मी समजलो की माहितीपत्रक अखेर लोकांनी पुरते वाचले. आजही माझे म्हणणे तेच आहे. येणारे मात्र बसताबसता हळूच विचारत की, तो पोलीस तुमचा कायमचा आहे का. मग कळले की, पोलिसाची कथा कापडवाल्याने सुरू केली असली, तरी तिला तिखटमीठ भुसारवाल्याने स्वतः लावले होते. आपण दोन कॉन्स्टेबलांच्या पहाऱ्यात गेलो, अधिकाऱ्याने तासभर उलटतपासणी घेतली, असे तो वजन करताकरता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे.

मी दुकानात जाऊन त्याला खडसावले. म्हटले, तुम्ही तेथे होता, कोंबड्या तुम्ही पाहिल्या, कारकून काय म्हणाला ते तुम्ही ऐकले. लोकांना खरे सांगा.

त्याने तराजू खाली ठेवला, आजूबाजूला पाहिले आणि आवाज उतरवला. “कसं सांगू? शिक्का मारला आणि पुढचा म्हणाले, असं सांगितलं तर सगळे पुन्हा दुकानं बंद करून रानात जातील.”

त्याचे उत्तर मी आज देतो. खरे काय ते वर लिहिले आहे, कोंबड्यांसकट. ज्याला दुकान बंद करायचे असेल त्याने करावे.