उत्तर आलं दोन तृतीयांश

मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते आणि माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. घरी गणित सोडवायला दिलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर येतं. इतकं बरोबर, की माझं डोकंच फिरतं. एकानं मोबाइलवरून उतरवलेलं असतं, बाकीच्यांनी त्याच्यावरून.

त्या दिवशीचं गणित पाइपचं होतं. जाड तेल पाइपातून संथ वाहतंय. मधोमध वेग सगळ्यात जास्त, भिंतीशी शून्य, आणि मधल्या अंतरात तो पॅराबोलासारखा उतरत जातो. सेकंदाला किती तेल जातं ते काढायचं. "फळ्यावर कोण येतंय?" म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, हुडकेश्वर वस्तीतून येणारा मुलगा उठला. एरवी तोंडातून शब्द न काढणारा. हातात कागद नव्हता. त्यानं वेगाचं सूत्र बरोबर मांडलं, केंद्रापासून भिंतीपर्यंतची त्याची सरासरी काढली, ती आली मधोमधच्या वेगाच्या दोन तृतीयांश. तिला पाइपच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणलं आणि खडू ठेवला.

चूक. दोन तृतीयांशच्या जागी अर्धा यायला हवा होता. पण मी अशी खूश झाले! "बघा रे, हा एकटा घरी या गणिताशी झगडलाय. तुमची बरोबर उत्तरं ठेवा तुमच्याजवळच." तो कानापर्यंत लाल झाला, पण हसत होता. चूक कुठे झाली ते मी दुसऱ्या दिवशी शिकवणार होते. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. डेंग्यू झाला होता. आठवड्याभरात गेला पोरगा.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. वडील लकडगंजला लाकूड कापायच्या आरामशीनवर पुन्हा कामाला जाऊ लागले होते. आई एकटीच स्वयंपाकघरात कांदे चिरत बसली होती. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि सरळ विचारलं, "मॅडम, खरं खरं सांगा. तो अभ्यास करे का? का नुसता मोबाइलच पाहे?"

"असं का विचारता, ताई?"

"तुमी सांगा न."

मला वाटलं, हिला द्यायला माझ्याकडे काहीतरी आहे. मी फळ्यावरचं सगळं सांगितलं.

"म्हणजे चुकला," ती म्हणाली. चेहरा पडला तिचा.

"अहो, चुकला म्हणूनच तर सांगतेय!" मी ताटातली कांद्याची एक गोल चकती उचलली आणि तिच्या कड्या वेगळ्या केल्या. "हा आडवा कापलेला पाइप समजा. मधल्या कडीतून तेल जोरात पळतं, पण कडी बघा केवढीशी. बाहेरच्या कडीतून रेंगाळत जातं, पण ती केवढी मोठी." मी बाहेरची एक कडी तोडून सरळ केली. "हिची लांबी म्हणजे हिचा घेर, आणि रुंदी ही एवढीशी. दोन्हींचा गुणाकार केला की कडीचं क्षेत्रफळ. त्याला तिथल्या वेगानं गुणायचं. असं प्रत्येक कडीचं करायचं आणि मग बेरीज. तुमच्या मुलानं लहानमोठ्या सगळ्या कड्या सारख्याच धरल्या, म्हणून त्याचं उत्तर जास्त आलं."

ती त्या कडीकडे बघत राहिली. "मोठ्या कडीतूनच हळू जाते. म्हून कमी भरते."

"अगदी! माझ्या वर्गाला हे सांगून सांगून घसा बसतो."

"मग त्याले काहून नाही समजलं?"

"समजतच आलं होतं, ताई. एवढ्या जवळ स्वतः डोकं लावणाराच पोचतो. उतरवणारा इथं चुकतच नाही. त्या रात्री तुमचा मुलगा खरंच अभ्यास करत होता. मी लिहून देते पाहिजे तर."

आता ती रडेल, मोकळी होईल, असं मला वाटलं. तिनं विळी आडवी केली आणि पदराला हात पुसत राहिली.

"फळ्यावर गेला त्याच्या आदल्या रात्री?"

"हो."

"मोबाइल घेऊन बसला होता. मी म्हटलं, काय पाहून राहिला? तर म्हणे, आई, पाइपचं गणित पाहून राहिलो. थोडंच राहिलं, पाहू दे न. मी म्हटलं, खोटारडा आहे तू, बापाच्या घामाची लाज नाही तुले. हिसकून घेतला मोबाइल. सकाळी न बोलताच गेला. वापस आला तो तापानंच. मंग काही बोलणंच नाही झालं आमचं."

कशाला उघडलं मी हे तोंड? काहीतरी करावं म्हणून मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"आतापर्यंत मले वाटे, खोटं बोलला असन, म्हणून बोलली मी त्याले," ती म्हणाली. "तेवढाच तर आधार होता, मॅडम."