दोन जागा, एक अक्ष

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्याने चष्मा पुसत होते. मी डिझाइन विभागात नवी होते, नाकावर माशी बसू न देणारी. तो कागद करायला मला चार दिवस लागले होते. तात्यांनी चष्मा चढवला, ड्रॉइंगवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, अक्षर छान आहे तुमचं." ते अक्षर कॉम्प्युटरचं होतं. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

तात्या आमच्या कारखान्यातले ग्राइंडर, धातू घासून नेमक्या मापाला आणणारे. तीस वर्षं एकच मशीन. हवा फेकणाऱ्या मोठ्या ब्लोअरचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, शेवटचा हात फिरवून घ्यायला त्यांच्याकडे यायचा. शाफ्टवर दोन ठिकाणी बेअरिंग बसतं. त्या दोन जागांचा व्यास मी ड्रॉइंगवर बांधून दिला होता: चाळीस मिलिमीटर आणि वर किमान दोन, कमाल अठरा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तात्यांचा शाफ्ट कधी परत आला नाही. याचं निम्मं श्रेय मी मनातल्या मनात माझ्या ड्रॉइंगला देत असे.

माणूस मोठा हट्टी. ग्राइंड केलेला शाफ्ट गार झाल्याशिवाय मोजू द्यायचे नाहीत. कोणी घाई केली तर म्हणायचे, ताप उतरू दे त्याचा. घरीही तेच. दाराची फट, टेबलाचा पाय, सगळ्याला बोट लावून बघायचं. काकूंनी एकदा मला सांगितलं की भिंतीवरची तसबीर सरळ करायला हे पाणसळ घेऊन बसले होते आणि शेवटी भिंतच तिरकी आहे असा निकाल दिला.

ते निवृत्त झाले आणि मशीनवर एक नवीन बाई आल्या. पस्तिशीच्या, अबोल, हाताच्या स्वच्छ. तात्या जाण्याआधी आठवडाभर त्यांच्यासोबत होते. आपल्या मशीनवर आली म्हणून ते तिला सूनबाई म्हणू लागले आणि मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. सहा महिने काम बघून तिला कायम करायचं, असं ठरलं होतं.

तिच्या हातचे पहिले बारा शाफ्ट गेले आणि महिन्याभरात पाच ब्लोअर परत आले. थरथरतात, बेअरिंग तापतं. साहेबांनी चौकशीचा कागद माझ्याकडे पाठवला. कारणाच्या रकान्यात 'कारागिराची चूक' असं आधीच टाइप केलेलं होतं. फक्त माझी सही हवी होती. सही केली असती तर सूनबाईची नोकरी गेली असती, आणि तिच्या पगारावर तिचं घर चालत होतं हे मला माहीत होतं. तरी खरं सांगते, पेन मी हातात घेतलं होतं. तात्या असते तर हे झालं नसतं, असं सगळेच म्हणत होते, आणि मीही.

मग साहेबांनी तात्यांनाच बोलावलं. नव्या माणसाचं काय चुकतं ते सांगा म्हणाले. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपल्यावाचून कारखान्याचं अडतंय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? चेहऱ्यावर दिसत होतं त्यांच्या.

त्यांनी आधी हात धुतले. परत आलेला एक शाफ्ट घेऊन दोन्ही जागा मायक्रोमीटरने मोजल्या. एक आठ मायक्रॉन वर, दुसरी दहा. दोन्ही मापात, अगदी मधोमध. सूनबाई बाजूला हात बांधून उभी होती. मी म्हटलं, मग माप आणखी आवळूया का? तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना मधोमध शंकूच्या आकाराची छोटी भोकं असतात, त्यांना सेंटर म्हणतात. तात्यांनी शाफ्ट त्या सेंटरवर टांगला, पहिल्या जागेवर डायल, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं घड्याळ, टेकवला आणि शाफ्ट हळूच फिरवला. काटा वीस मायक्रॉन हलला. दुसऱ्या जागेवर सत्तर.

"एक टोक चकमध्ये, मशीनच्या पकडीत, धरून केलंस, मग उलटून दुसरं?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

ती हो म्हणाली. तात्यांनी शिकवलं होतं सेंटरवरच, पण तसं करायला वेळ लागतो, म्हणून साहेबांनी चक वापरायला सांगितला. तिने ड्रॉइंग बघितलं. त्यात नको असं कुठे लिहिलं नव्हतं.

तात्यांनी डायल काढून ठेवला. मग खुर्ची ओढून बसले.

"हिचं काही चुकलेलं नाही," ते साहेबांना म्हणाले. "कागदावर जे मागितलंय ते हिने दिलंय. दोन चपला मापाच्या आहेत, पण दोन्ही डाव्या पायाच्या. जोडी हवी असं कागदावर कुठे आहे?"

मला ते आधी झोंबलं. मग कळलं, आणि लाजेने कान गरम झाले. दोन जागांचा व्यास मी मागितला होता. त्या दोघींचा अक्ष, म्हणजे ज्याभोवती त्या फिरतात ती मधली रेषा, एकच हवी, हे मी कुठेच मागितलं नव्हतं. तात्या आधी सेंटर हाताने घोटून घ्यायचे आणि शाफ्ट न उलटता दोन्ही जागा एकाच बांधणीत ग्राइंड करायचे. इतकी वर्षं माझी चूक त्यांच्या सवयीत झाकून राहिली होती. त्यांना नुसतं गालात हसून गप्प बसता आलं असतं. ते बसले नाहीत, म्हणून हा माणूस मला इतका आवडतो.

मी 'कारागिराची चूक' खोडलं आणि लिहिलं, 'ड्रॉइंग अपुरं'. खाली सही केली. साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

नवीन ड्रॉइंगवर मी दोन्ही जागांना अ आणि ब म्हटलं आणि दोन्हींचा मिळून एक अक्ष आधार धरला. प्रत्येक जागेसाठी एक चौकट टाकली. तात्यांना दाखवायला त्यांच्या घरी गेले. त्या चौकटीतले दोन तिरके बाण बघून त्यांनी विचारलं की ही कसली खूण. मी सांगितलं: अ आणि ब यांच्या सामाईक अक्षाभोवती शाफ्ट फिरवायचा; त्या जागेच्या पूर्ण लांबीवर डायल सरकवत नेला तरी काट्याची एकूण हालचाल दहा मायक्रॉनच्या आत हवी. कसं करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

"दहा कशाला? मी तीन काढायचो."

"तुम्ही तीन काढायचात, तात्या. ब्लोअरला दहा पुरतात. लागतं तेवढंच मागायचं, नाहीतर सूनबाई उगाच रडकुंडीला येईल."

ते हसले. चौकटीवरून बोट फिरवलं, दाराच्या फटीवरून फिरवायचे तसं. काकू आतून काहीतरी विचारत होत्या, तात्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे आता मी नसलो तरी शाफ्ट नीट येईल," ते म्हणाले.

मी होकाराची मान हलवली आणि ड्रॉइंग गुंडाळायला घेतलं.

सूनबाई कायम झाली. तिचा पहिला नवीन शाफ्ट चार मायक्रॉनवर आला. तात्यांनी फोनवर एक मायक्रॉन जास्त असल्याची तक्रार केली. प्रत्येक ड्रॉइंगवर बदलाचं कारण लिहायचा एक छोटा रकाना असतो. त्यात मी लिहिलंय, 'तात्यांची सवय कागदावर घेतली'. साहेब म्हणाले हे तांत्रिक कारण नाही. मी ते तसंच ठेवलंय.