घरचा माणूस शेवटी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मारेगावात लग्नं थांबली नाहीत, पण माझ्या स्टुडिओत अल्बम कुणी सांगेना. नुसता व्हिडिओ पुरे म्हणायचे. मीही तो फुकटच्या फाइल ट्रान्सफरनंच पाठवायचो. एका वेळी दोन जीबी, लिंक सात दिवस जिवंत, आणि दहा डाउनलोड झाले की दुकान बंद.

समोरच्या गॅरेजवाल्या चाचांच्या मुलीचा निकाह मीच शूट केला होता. थोरला मुलगा सौदीत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बहिणीची बिदाई पाहायला तो तडफडत होता. अख्खी फिल्म दोन जीबीत मावेना, म्हणून बिदाईचाच भाग वेगळा काढला, चाचांना लिंक दिली आणि बजावलं, "पोराला आधी पाठवा. दहाच डाउनलोड आहेत."

चाचांनी ती खानदानाच्या ग्रुपवर टाकली. मुकुटबनच्या मामूंच्या फोनमध्ये जागा नव्हती, तरी ते पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले, आणि सुरू झालेलं प्रत्येक डाउनलोड मोजलं जात होतं. संध्याकाळी चाचांनी मुलाला हाक दिली, तेव्हा मर्यादा संपलेली होती.

"चाचा, पोराला आधी का नाही दिली?"

"काहून म्हंजे? दावतीत घरचा मानूस पाहुन्याच्या आधी जेवते काय, भाऊ?"

मी दुसरी लिंक दिली. या वेळी चाचांनी फोन करकरून घरटी एक डाउनलोड ठरवून दिलं, मुलगा शेवटी. नेमका मामूंचा फोन दुरुस्तीला गेला. त्यांच्यासाठी अख्खी पंगत खोळंबली, सात दिवस उलटले आणि लिंक मेली.

मी कपाळ बडवलं आणि पैसे भरून महिन्याचा प्लॅन घेतला. आता पूर्ण फिल्म एकाच लिंकमध्ये जात होती, मुदत मी ठरवणार होतो आणि डाउनलोडला मर्यादाच नव्हती. हे ऐकून चाचांची कळी खुलली.

"मंग कायले घाई? होऊ द्या आरामात साऱ्याईचं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तो सौदीत राहतो! त्यालाच पाहुणा समजा आणि बसवा आधी!"

चाचांच्या हातातला पाना थांबला. डोळे भरून आले. "पाहुना नोका म्हनू त्याले, भाऊ. घरचा हाय तो."

मला फार वाईट वाटलं. मग मीच एकेकाला फोन करत बसलो, झालं का, झालं का. मामूंना तर जुने व्हिडिओ पुसायला लावले. शेवटी त्यांचंही झालं.

मुलगा त्याच ग्रुपवर होता. सकाळपासून लिंक त्याच्याही फोनवर पडून होती, मर्यादा नव्हती, अडवणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात चाचांच्या फोनवर त्याचा आवाज आला.

"अब्बा, सब का हो गया क्या? अब मैं लूँ?"

चाचांनी काळ्या हातानंच डोळे पुसले. "ले बेटा," ते म्हणाले.