चोवीस घन सेंटिमीटरचा दगड

धम्मानंद कांबळे आमच्या जळकोटच्या शाळेत प्रयोगशाळेचे परिचर आहेत. सव्वीस वर्षं झाली. कागदावर त्यांचं काम काचसामान धुणं, पुसणं आणि कुलूप लावणं. प्रत्यक्षात आजवर आलेल्या पाच विज्ञान शिक्षकांना प्रयोग त्यांनीच शिकवले. त्यातल्या दोघांनी ते कबूल केलं. एकाला तर प्रयोगशाळेचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही धम्मानंद मामांनीच दाखवलं होतं. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे मला असल्या गोष्टी लक्षात ठेवायची सवय आहे.

शाळेत एक दगड होता. काळा, लांबट, अंगठ्याहून थोडा जाड, दोरा बांधलेला. वेड्यावाकड्या दगडाचं आकारमान काढायचा प्रयोग दरवर्षी त्याच्यावरच व्हायचा. उत्तर चोवीस घन सेंटिमीटर. थोरल्या भावाच्या वहीत चोवीस, धाकट्या बहिणीच्या वहीत चोवीस. मुलं मोजपात्राला हात लावायच्या आधीच उत्तर लिहून मोकळी व्हायची. काही शिक्षकही त्यातलेच.

मागल्या जूनमध्ये उदगीरहून वहिदा मॅडम बदलून आल्या. आल्या आल्या त्यांनी दोन तास घालवून आठवीच्या पोरांकडून खरोखर प्रयोग करून घेतला. मोजपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी, दगड हळूच आत, पाणी एकोणसत्तरवर. उत्तर एकोणीस. दुसऱ्या गटाचंही एकोणीस, तिसऱ्याचं वीस. पोरांनी शांतपणे वहीत चोवीस लिहिलं.

"महामाया, तुला किती आलं?" मॅडमनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"एकोणीस आलं मॅडम."

"मग लिहिलं चोवीस का?"

"उत्तर चोवीस हाय ना."

मॅडमनी धम्मानंद मामांकडे पाहिलं. मामा परीक्षानळ्या पुसत होते. नळी आधीच कोरडी होती, तरी पुसत राहिले.

मॅडम मुख्याध्यापकांकडे गेल्या. आमचे संगप्पा सर म्हणजे शिस्तीचा माणूस. "मॅडम, वीस वर्षं चोवीस येतंय. तुमच्या एका जूनमध्ये दगड बारीक होतो का? पोरांना नीट बघता येत नाही, दुसरं काय." त्यांनी फाइल मिटली. विज्ञानाची चर्चा संपली.

ऑगस्टमध्ये तपासणी लागली. लातूरहून एक साहेब आले. त्यांनी आठवीच्या चाळीस वह्या उलटल्या आणि चाळीसही वेळा चोवीस पाहिलं. साहेब मूळचे विज्ञानाचे असावेत, नाहीतर एवढ्या वह्या कोण उघडतं? ते म्हणाले, "चाळीस जणांचं उत्तर एकसारखं. हा चमत्कार माझ्यासमोर करून दाखवा."

महामाया पुढे आली. मामांनी तिच्यासमोर मोजपात्र ठेवलं. तिने पन्नासच्या रेषेपर्यंत पाणी भरलं, पात्र तिरकं करून दोऱ्याने दगड काठाकाठाने खाली सोडला, मग पात्र सरळ टेबलावर ठेवलं. गुडघे वाकवून तिने डोळा पाण्याच्या पातळीला आणला.

"एकोणसत्तर," ती म्हणाली. "म्हणजे एकोणीस."

साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. एकोणसत्तरच. वहिदा मॅडम भिंतीकडे बघत होत्या. संगप्पा सर घामाने ओले झाले होते.

"मग चोवीस कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा धम्मानंद मामांनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली.

"दगडाचंच हाय साहेब. दगड पहिले चोवीसचाच होता. सात वर्षं झाली, त्याचा तुकडा उडाला. पाच घन सेंटिमीटर गेले. मी तवाच मोजलं होतं."

"उडाला कसा?"

मामांनी खिडकीतून पटांगणाकडे पाहिलं. "बदाम फोडताना."

आमच्या पटांगणात देशी बदामाचं झाड आहे. त्याच्या बिया फोडायला काहीतरी टणक लागतं, आणि मधल्या सुट्टीत त्या फोडून खाणारा शाळेत एकच मोठा माणूस होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी नाव घेतलं नाही. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मामांची आता बदली नाही तर निदान नोटीस तरी पक्की, असं मला वाटलं.

"मी फोडत होतो," संगप्पा सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की साहेबांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. "पायरीवर बसून. धम्मानंदला म्हणालो होतो, राहू दे, कुणाला कळतंय."

"सात वर्षं कुणाला कळलं नाही, हे मात्र खरं," साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग मामांना म्हणाले, "तुम्ही का नाही बोललात?"

"मला कुणी इचारलं न्हाई. परिचराला उत्तर इचारत न्हाईत साहेब, चावी मागत्यात."

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते संगप्पा सरांनी कुणाला दाखवलं नाही. पण जाताना साहेबांनी मामांकडे बोट दाखवून तोंडी हुकूम केला: प्रत्येक पोराने आपला दगड आणायचा, आणि प्रयोग कसा करायचा ते याच माणसाने एका कागदावर लिहून भिंतीला लावायचं.

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत चाळीस दगड आले. एकाने मिठाचा खडा आणला. तो पाण्यात विरघळत गेला आणि पोरगं तरीही आकडा शोधत राहिलं. एकीने मुरमाचा खडा आणला, त्यातून बुडबुडेच बुडबुडे. मामांनी तो आधी भिजवायला लावला, वरून पुसला, मग मोजला. एकाचा दगड नारळाएवढा. त्याच्यासाठी मामांनी तोटीचं भांडं तोटीपर्यंत भरलं, जादा पाणी गळून जाऊ दिलं, मग दगड बुडवला आणि तोटीतून पडलेलं पाणी पातेल्यात धरून मोजपात्राने मोजलं. एकोणचाळीस वेगळी उत्तरं आली. वहिदा मॅडमना ती तपासायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत त्या साहेबांविषयी फारसं चांगलं बोलल्या नाहीत.

मामांनी कागद लिहिला. मॅडमनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. तो असा:

"पोरांनो, दगड लांबी-रुंदीने मोजता येत नाही, कारण त्याला नीट बाजूच नाही. पण दगड पाण्यात बुडला की आपल्याएवढी जागा घेतो, आणि तेवढं पाणी वर सरकतं. आधी पाणी किती ते लिहा. दगड हळू सोडा. धपकन टाकला तर पाणी उडतं, काचही फुटते. दगड पुरा बुडाला पाहिजे. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. डोळा पाण्याच्या सरळ रेषेत आणा. पाणी काठाला जरा वर चढलेलं दिसतं, ते मोजू नका, मधला खोलगट भाग मोजा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. एक मिलिलिटर म्हणजे एक घन सेंटिमीटर. जे आलं तेच लिहा. शेजाऱ्याचा दगड लई वेगळा असतो."

संगप्पा सरांनी 'लई' खोडायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग खोडणाऱ्याची सही खाली लागेल. शब्द राहिला.

दिवाळीनंतर बिलोलीच्या एका शिक्षकाने तो कागद फोनमध्ये टिपून नेला आणि आपल्या शाळेत लावला. खाली नाव स्वतःचं घातलं. मॅडमना राग आला, त्या फोन करायला निघाल्या.

"राहू द्या मॅडम," मामा म्हणाले. "तिकडची पोरं मोजत्यात का, एवढं इचारा."

मॅडमनी विचारलं. मोजत होती.