खळग्याजवळची शिखरं

सरांची नजर एका दिवसात गेली नाही. आधी कडा अंधुक झाल्या, मग मधलं गेलं, आणि पन्नाशीच्या आत डॉक्टरांनी हात टेकले. बावीस वर्षं कॉलेजात ऑरगॅनिक रसायनशास्त्र शिकवलेला माणूस घरी बसला. ग्रंथालयात काहीतरी काम देता येईल, असं विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. सरांनी नुसतं "बघू" म्हटलं. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरात म्हणजे धाकटी बहीण. ती शिवणकाम करायची. तिच्या मशीनशेजारच्या खुर्चीत सर दिवसभर बसून राहायचे आणि मनातल्या मनात धडे शिकवायचे. एकदा ते मोठ्यानं बोलून गेले, "वळण हाताला लागलं असतं ना, तर अजूनही शिकवलं असतं."

"कसलं वळण?"

सरांनी हवेत बोटानं काढून दाखवलं. डावीकडे सुरुवात, एक उंच शिखर, खाली खळगा, मग ठेंगणं शिखर आणि शेवटी खोल उतार. रेणूतून ब्रोमीन सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा गट येतो, त्या वाटेत ऊर्जा कशी चढते-उतरते त्याची ही आकृती.

बोटाला लागावी म्हणून बहिणीनं जाड कापडावर ती आकृती दोरीनं बसवून टाके घातले. "दादा, रसायनाला शिलाई मारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं हो."

सरांनी बोट फिरवलं आणि ते पहिल्या शिखरावर थांबले. "हे सुरुवात आणि खळगा यांच्या बरोबर मध्यावर घेतलंस. उसव."

"सुंदर दिसतंय की."

"सुंदर आहे, पण खोटं आहे. शिखरावर कुणी थांबू शकत नाही. तिथं बंध अर्धवट तुटलेला असतो, ती ट्रान्झिशन स्टेट. खळग्यात मात्र थोडा वेळ का होईना टेकता येतं, तो इंटरमीजिएट. आता सांग, शिखराची उंची कुणाच्या उंचीला जवळ आहे? सुरुवातीच्या की खळग्याच्या?"

तिनं बघितलं. "खळग्याच्या. सुरुवात तर फार खाली राहिली."

"मग शिखरावरचा रेणू दिसायलाही खळग्यातल्यासारखाच असणार. हॅमंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं हेच. म्हणून शिखर खळग्याकडे सरकव. दुसरंही तसंच, खळग्यालगत घे. कारण ती चढण छोटी आणि पुढचा उतार मोठा."

तिनं दोन्ही शिखरं उसवली आणि खळग्याच्या दोन्ही बाजूंना, जवळ जवळ बसवली. सरांनी पुन्हा बोट फिरवलं आणि बराच वेळ हात उचलला नाही.

त्या आठवड्यात ते बहिणीचा हात धरून मॅडमना भेटायला गेले. मॅडमनी कापड नीट पाहिलं. मग त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला, "शिकवाल तुम्ही, सर. पण मुलांनी काढलेली आकृती तपासणार कशी?"

"एक तास द्या. मुलांना दोरी आणि टाचण्या द्या."

मॅडम मागच्या बाकावर बसल्या. मुलांनी आपापल्या मऊ फळ्यांवर टाचण्या रोवल्या आणि त्यांतून दोऱ्या ओढल्या. सर एकेका फळ्यावर बोट फिरवत गेले. तिसऱ्या फळ्यापाशी ते थांबले.

"हा कुणाचा?"

"माझा, सर," एक मुलगी म्हणाली.

"उंची बरोबर आहे. पण पहिलं शिखर सुरुवातीला चिकटवलंस. तिथं कार्बनवर धन भार किती आला असेल?"

ती सावकाश म्हणाली, "असं काढलं तर अगदी थोडा. ब्रोमीन जेमतेम हललेला."

"आणि खळग्यातला कॅटायन, म्हणजे धन भाराचा तो रेणू, स्थिर केला, तर शिखर कितपत खाली येईल?"

"फारसं नाही. पण सर, तृतीयक कार्बन असला, म्हणजे त्याला आणखी तीन कार्बन जोडलेले असले, की कॅटायन स्थिर होतो आणि ही क्रिया झपाट्यानं होते. म्हणजे शिखर बरंच खाली यायलाच हवं." तिनं टाचणी उपटली. "शिखरावरच भार जवळजवळ पूर्ण आलेला असणार. ते उजवीकडेच हवं."

"आता बरोबर," सर म्हणाले. त्यांनी पुढच्या फळ्यावर बोट ठेवलं.

तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "वर्ग घ्या तुम्ही. प्रयोगशाळा मात्र देता येणार नाही, सर. ती दुसरं कुणीतरी सांभाळेल."

सरांना ते लागलं. काचेच्या भांड्यांची किणकिण, द्रावकांचा वास, सगळं सुटणार होतं. पण "सोमवारपासून येतो," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी ते वर्गात शिरले तेव्हा मुलांनी टाचण्यांचे फळे आधीच मांडून ठेवले होते. तीच मुलगी दारापाशी आली, त्यांना आपल्या फळ्याशी घेऊन गेली आणि त्यांचा हात त्यावर ठेवत म्हणाली, "सर, ही दुसरी क्रिया. यात खळगे दोन आहेत. दोन्ही खरेच आहेत का, एवढं सांगा."

सरांनी खुर्ची ओढून घेतली. "आधी तू सांग, तुला काय वाटतं?"